मंगळवारी झालं, शुक्रवारी झालं, मग ते पॉइंटने झालं का?

"मी ४६ वर्षांची, डिचोलीहून रोज पणजीला कामाला जाते. गेले सहा महिने पोट साफ होत नाही. आठवड्यातून दोनदा, तीनदा झालं तर नशीब, तेही जोर करून. गावातल्या हॉलमध्ये पाच दिवसांचं ॲक्युप्रेशर शिबिर झालं, तिथे हातावरचे आणि पोटावरचे पॉइंट शिकवले, तळहाताचा चार्ट दिला, चारशे रुपयांचा लाकडी रोलर पण घेतला. शिबिराच्या आधी चार दिवस काहीच झालं नव्हतं. सोमवारी सुरू केलं, मंगळवारी आणि शुक्रवारी छान झालं. पुढच्या आठवड्यात परत ये रे माझ्या मागल्या. नवरा म्हणतो सगळं थोतांड, मावशी म्हणते तू दाबच नीट देत नाहीस. जोरात दाबून आता पोटावर निळे डाग पडलेत. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी चालू आहे, बाकी औषध काही नाही. भाचीला सातवा महिना आहे, तिलाही हाच त्रास, तिला शिकवू का? खरं काय ते सांगा."
— एक वाचक, डिचोली

ताई, आधी तो रोलर कपाटात वरच्या फळीवर ठेवून द्या. निळे डाग म्हणजे चामडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात, ते काही "विष बाहेर पडतंय" वगैरे नाही. पोटात हाड नसतं ओ, खाली थेट आतडं असतं, तिथे लाकूड फिरवायची गरज कोणत्याच पद्धतीत नाही. मी फोंड्यात वीसेक वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि मावशीचं ते "अजून जोरात" मी इतक्यांदा ऐकलंय, की पेशंटने पोटावरचं कापड बाजूला केलं की डाग बघूनच कळतं घरात सल्ला देणारं कोण आहे.

आता हिशोब करू. तुम्ही स्वतःच लिहिलंय, आठवड्यातून दोनदा होतं. शिबिराच्या आठवड्यात कधी झालं? मंगळवारी आणि शुक्रवारी. मोजून बघा, दोनदाच झालं की! त्यात शिबिराच्या आधी चार दिवस कोरडे गेलेले, म्हणजे सोमवारी पोट साफ व्हायची वेळ आलीच होती, तुम्ही त्या दिवशी पॉइंट दाबले असते, नारळ फोडला असता किंवा नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी मंगळवारी-बुधवारी झालंच असतं. आपण उपाय कधी सुरू करतो, तर सगळ्यात वाईट दिवस असतो तेव्हा. आणि सगळ्यात वाईट दिवसानंतर बरा दिवस बहुतेक येतोच, मग श्रेय जे हाताशी असेल त्याला जातं. हे मी तुमची चूक म्हणून सांगत नाही, मीही माझ्या पाठदुखीला असंच एका तेलाला श्रेय देऊन दोन बाटल्या संपवल्यात.

पण "छान झालं" हा शब्द मी सोडून देणार नाही. आकडा तोच राहिला आणि त्रास कमी झाला, हे होऊ शकतं आणि तेही मोलाचं आहे. म्हणून नवऱ्याचं "थोतांड" पण मला घाईचंच वाटतं.

शिबिरात बहुतेक दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करून शिकवलीय. तळहाताचा तो चार्ट, ज्यात मध्यभागी आतडं, बाजूला यकृत, बोटांच्या टोकाला डोकं असं रंगवलेलं असतं, ती रिफ्लेक्सॉलॉजी किंवा सुजोकची पद्धत. सुजोक हा कोरियन शब्द, सु म्हणजे हात आणि जोक म्हणजे पाय. हे नकाशे गेल्या शंभरेक वर्षांतलेच आहेत, "हजारो वर्षांचं प्राचीन ज्ञान" असं स्टेजवरून सांगतात ते ह्यांना लागू पडत नाही, आणि तळहाताच्या मध्यावरून मोठ्या आतड्याला जाणारी वेगळी अशी नस शरीररचनेत सापडत नाही. चीनच्या जुन्या पद्धतीतले पॉइंट वेगळे. त्यात बद्धकोष्ठासाठी हातावरचे दोन मुख्य. एक, अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवली की मागच्या बाजूला जो मांसाचा उंचवटा येतो त्याच्या टोकाशी, त्याला हेगू म्हणतात. दुसरा मनगटाच्या मागच्या बाजूने चार बोटं वर, दोन हाडांच्या मधल्या खोबणीत, तो झिगोऊ. पोटावरचा सगळ्यात नावाजलेला तियानशू, बेंबीच्या दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीन बोटांवर. बोटं दाबणाऱ्याची नाहीत हं, ज्याचं पोट त्याची. शिबिरवाले स्वतःच्या बोटांनी मोजतात आणि मग बारीक बाईचा पॉइंट भलतीकडेच जातो.

पुरावा काय म्हणतो? पोटाच्या पॉइंटवर एक चाचणी खरंच दमदार आहे. चीनमध्ये १५ हॉस्पिटलांत १,०७५ जणांवर केली, २०१६ मध्ये छापून आली. सगळे जुनाट, चिवट बद्धकोष्ठाचे पेशंट. अर्ध्यांना तियानशू आणि पोटावर-पायावर आणखी दोन ठिकाणी खोल सुया घालून बारीक वीजप्रवाह दिला, आठ आठवड्यांत २८ वेळा. उरलेल्यांना खोट्या सुया, म्हणजे पॉइंट सोडून बाजूला, वरवर टोचलेल्या, आणि वायर जोडलेली पण करंट नाही. खऱ्या सुयांच्या गटात शंभरातल्या ३१ जणांना आठवड्याला सरासरी तीन किंवा जास्त वेळा पोट पूर्ण साफ झाल्यासारखं व्हायला लागलं, खोट्या गटात १२ जणांना. आणि उपचार थांबवल्यावर पुढचे तीन महिने फरक टिकला. हे मी हलक्यात घेत नाही.

पण आता हेच कागद शिबिरात दाखवून "बघा, सिद्ध झालंय" म्हणतात तिथे माझं डोकं फिरतं. सिद्ध झालं ते पोटाच्या स्नायूत खोल गेलेल्या सुईचं आणि विजेचं, तुमच्या अंगठ्याचं नाही. एवढा मोठा उपचार, एवढं प्रशिक्षण, आठवड्याला तीन ते पाच फेऱ्या, आणि तरीही शंभरातले ६९ जण त्या तीनच्या रेषेखालीच राहिले. आणि खोट्या सुयांनी पण १२ जणांना बरं वाटलं ते विसरू नका. कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, आपण ठराविक वेळेला शांत पडून राहतोय, एवढ्यानेही आतडं थोडं हलतं. तुमच्या शिबिरात ह्या १२ जणांना वेगळं काढायची काहीच सोय नव्हती.

नुसत्या बोटाच्या दाबावर जे अभ्यास आहेत ते बहुतेक लहान, आणि त्यांत हात, पोट, पाय असे चार-पाच पॉइंट एकदम दाबलेले असतात, म्हणजे हेगूने झालं की तियानशूने की गुडघ्याखालच्या पॉइंटने हे सुटं करताच येत नाही. गंमत म्हणजे बोटाच्या दाबाची त्यातल्या त्यात बरी चाचणी ना हातावरची ना पोटावरची. लॉस एंजेलिसला १०० जणांना घेऊन केली होती, चार आठवड्यांची. तिथे शौचाच्या जागेच्या पुढचा मऊ भाग, शौचाला बसल्यावर स्वतःच्या बोटांनी दाबायला शिकवलं, आणि त्यांना नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा बरं वाटलं. तिथे दाब थेट गुदाशयाच्या भिंतीवर पडतो, शेजारीच आहे ना, त्यामुळे त्यात नवल वाटायला नको. मात्र त्यात खोटा पॉइंट दाबणारा गट नव्हता.

आणि मग पोटाचा मसाज. स्वीडनमध्ये ६० जणांवर आठ आठवडे करून पाहिला, तो अभ्यास २००९ मधला. त्रास कमी झाला, शौचाला जायची संख्या वाढली, पण जुलाबाची औषधं घेणं कमी झालं नाही. म्हणजे जोडीला चालेल, औषधाच्या जागी नाही. माझा कल विचाराल तर पोटावरच्या पॉइंटला जो काही गुण येतो त्यातला बराचसा हाच असावा, आतड्याला बाहेरून मिळणारा हलका रेटा. हाताच्या पॉइंटला तो रेटा पण नाही. हेगू दाबायला माझी ना नाही, फुकट आहे, बसमध्ये बसून होतं, पण त्याच्यावर भरवसा ठेवून महिना घालवू नका.

करायचंच असेल तर असं करा. सकाळी उठल्यावर लघवी करून या, पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पोट सैल सोडा. पोट रिकामं हवं, जेवणानंतर दोन तास तरी नको. तीन बोटांच्या पेरांनी, नखं कापलेली, बेंबीच्या एका बाजूचा तियानशू श्वास सोडताना हळूच खाली दाबायचा, श्वास घेताना सोडायचा, असं एक-दोन मिनिटं. मग दुसरी बाजू. किती दाब? एवढाच की तुम्ही मध्येच कोणाशी बोलू शकाल. पोट आपोआप कडक व्हायला लागलं म्हणजे जास्त झालं. मग तळहाताने मसाज: उजव्या मांडीच्या खोबणीपाशी सुरू करून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली. मोठं आतडं असंच फिरतं, म्हणून हीच दिशा, उलटी नाही. पाच-सात मिनिटं बस झाली. डाग जाईपर्यंत मात्र काहीच करू नका. हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतं झालं असेल, किंवा पोट का दुखतंय हेच माहीत नसेल तर हे करायचंच नाही, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि त्याची परीक्षा घ्या, साधी वही घेऊन. पहिले दोन आठवडे पॉइंट-बिइंट काही नाही, फक्त लिहायचं: कधी झालं, कसं झालं (बकरीच्या लेंड्यांसारखं, भेगा पडलेल्या दांड्यासारखं, की मऊ), जोर करावा लागला का, अर्धवट राहिल्यासारखं वाटलं का. पुढचे दोन आठवडे रोज मसाज, वही तशीच चालू. बाकी काही बदलायचं नाही त्या चार आठवड्यांत, नाहीतर परत तीच खिचडी. समजा पहिल्या दोन आठवड्यांत चारदा झालं, तीनदा जोर करून, आणि पुढच्या दोनमध्ये पाचदा, चारदा जोर करूनच, तर फरक काही नाही, एक-दोनचा चढउतार असाच असतो. पण सातदा झालं आणि त्यातलं बहुतेक विनासायास, तर खुशाल चालू ठेवा, नवऱ्याला वही दाखवा.

वही पुरी होईपर्यंत थांबायचं नाही अशी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलीय. लोहाची गोळी. "बाकी औषध काही नाही" म्हणताय, अहो पण हेच ते औषध! लोहाच्या गोळीने पोट घट्ट होणं ही इतकी नेहमीची तक्रार आहे की पहिला संशय तिच्यावरच. गोळी सुरू झाली कधी आणि पोट बिघडलं कधी, तारखा जुळवा. जुळल्या तर गोळी स्वतःहून बंद करू नका, रक्त कमी आहे तुमचं, पण जिथून लिहून घेतली तिथे जाऊन विचारा, एक दिवसाआड घेतली तर चालेल का, दुसऱ्या प्रकारची देता येईल का. एक दिवसाआड घेऊन लोह उलट नीट शोषलं जातं असे अभ्यास आहेत, त्यामुळे डॉक्टर हसणार नाहीत तुम्हाला. आणि तिथे गेल्यावर हेही विचारा की रक्त मुळात कमी का झालं. पाळीत जास्त जातं का, हे त्यांनी विचारायला हवं, नाही विचारलं तर तुम्ही सांगा. ४६ व्या वर्षी रक्त कमी आणि शौचाची सवय बदललेली, ही दोन एकत्र आली की आतड्यातून तर रक्त जात नाही ना हे बघून घ्यावं लागतं. घाबरवत नाही, बहुतेक वेळा कारण पाळी आणि गोळीच निघते, पण बघितल्याशिवाय ते म्हणता येत नाही. गोळीने शौच काळपट-हिरवं होतं ते ठीक. डांबरासारखं चिकट, काळं, उग्र वासाचं झालं, किंवा लाल रक्त दिसलं, वजन आपोआप उतरलं, तर त्याच आठवड्यात जायचं. पोट फुगून वारा पण सरत नाही आणि उलट्या, तर त्याच दिवशी.

दुसरं तुमची बस. डिचोलीहून पणजीला वेळेत पोचायचं म्हणजे साडेसहाच्या आसपास घर सोडत असणार. चहा प्यायला की पंधरा-वीस मिनिटांत आतड्याला आपोआप जाग येते, खाल्ल्यावर मोठं आतडं ढकलायला लागतं, तो निसर्गाचाच पॉइंट आहे म्हणा ना. आणि नेमकी ती वेळ तुमची कदंबामध्ये उभ्याने जाते. ती हाक रोज दाबली की गुदाशयाला भरल्याची जाणीवच हळूहळू कमी होते. अर्धा तास लवकर उठून पेज किंवा चहा-पाव आधी घ्या (पोदेर तेवढ्या लवकर येत नाही हे मला माहीत आहे, आदल्या संध्याकाळचा उंडा चालेल), मग दहा मिनिटं मोबाईल बाहेर ठेवून बसा, पाय वीतभर उंच पाटावर, किंचित पुढे वाकून. झालं नाही तर उठा, जोर करत बसू नका.

इसबगोल घेणार असाल तर रात्री एक चमचा, मोठा पेला भरून पाण्यात, आणि वर अजून एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर तोच लगदा अडकून बसतो, "इसबगोलने अजूनच कोंडलं" म्हणणारे बहुतेक अर्ध्या वाटीत घेणारे असतात. लोहाची गोळी आणि इसबगोल ह्यात दोन तासांचं अंतर ठेवा. पण हे वहीचे चार आठवडे झाल्यावर, किंवा मग वही राहू दे आणि आधी हेच करा. मी तुमच्या जागी असते तर गोळी आणि बसच आधी बघितली असती, पॉइंटची परीक्षा नंतर.

एक प्रकार असा असतो जिथे ह्यातलं काहीच चालत नाही. शौच मऊ आहे, दाराशी आलंय, तरी बाहेर येत नाही, बोटाने काढावं लागतं. तिथे आतडं सुस्त नसतं, जोर करताना जे स्नायू सैल पडायला हवेत तेच आवळले जातात. माझ्याकडे अशी एक बाई आली होती, दोन वर्षं हातावरचे पॉइंट दाबून अंगठ्याला घट्टे पडलेले आणि वर रोज दोनदा इसबगोल, म्हणजे दार बंद आणि मागून माल वाढतोय. त्याला बायोफीडबॅक नावाचा व्यायाम असतो, स्नायू कधी सोडायचा हे परत शिकवतात. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण वाचणाऱ्या कुणाला ओळखीचं वाटलं तर त्यांनी आतड्याच्या डॉक्टरांना नेमकं हेच वाक्य सांगावं.

आता भाची. तिच्या पोटाला हात लावायचा नाही, ना पॉइंट ना मसाज. हेगू तर चिनी पद्धतीतच गरोदरपणात वर्ज्य सांगितलाय, त्याने कळा येतात असा समज आहे. येतात असं चाचण्यांत काही नीट दिसलेलं नाही, पण ज्याचा फायदाच एवढा अंधुक आहे त्यासाठी सातव्या महिन्यात कशाला वाद. तिलाही लोहाची गोळी चालू असणारच, तर तिच्या पुढच्या तपासणीला तुम्ही सोबत जा आणि दोघींच्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा, दोघींचं एकदमच विचारून होईल.